नववं अंग

खड्या आवाजात आकडे म्हणत असताना श्वास आत घेता येत नाही. खोटं वाटत असेल तर आत्ताच करून बघा. छाती भरून श्वास घ्या आणि घेता घेताच खड्या आवाजात ‘एक, दोन, तीन’ म्हणा. एक तर आकडे थांबतील, नाहीतर श्वास. हे कळायला योगशास्त्र लागत नाही, साधी अक्कल पुरते. मी मात्र सूर्यनमस्कार शिकवायला उभा राहिलो तो योगशास्त्राचं प्रमाणपत्र घेऊन. अक्कल पुढे लोकांनी हप्त्याहप्त्याने दिली.

माझी सगळी नोकरी आसनगाव ते मुंबई अशा प्रवासात गेली. कसारा लोकलमध्ये दोन तास जायला आणि दोन तास यायला. तिथे श्वास रोखून धरण्याचा सराव रोजचाच असतो, त्यामुळे कुंभक आपल्याला जमतो असा माझा समज होता. निवृत्तीनंतर बायकोने सुचवलं, “घरात बसून माझ्या फोडणीला नावं ठेवण्यापेक्षा बाहेर जाऊन काहीतरी करा.” मी एक महिनाभराचा योगशिक्षक वर्ग केला. परीक्षेत लेखी गुण उत्तम पडले. प्रात्यक्षिकाला परीक्षकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “शिकवायला हरकत नाही.” त्यांनी जोर ‘शिकवायला’वर दिला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

शहापुरात एका देवळाच्या सभामंडपात वर्ग सुरू झाला. आले ते असे: हार्डवेअरचे एक दुकानदार, निवृत्त एस.टी. ड्रायव्हर, दोन शिक्षिका, माझ्यासारखेच लोकलने वाकवलेले तीन-चार जण, आणि आजोबांना सोडायला येऊन तिथेच रेंगाळणारा एक नातू. या नातवाचं नाव मी सांगणार नाही, पण माझ्या अध्यापनावर लेखी टीका करण्याचा अधिकार जगात कोणाला असेल तर तो त्याला आहे.

पहिल्या दिवशी मी पूर्वेकडे पाठ करून, वर्गाकडे तोंड करून उभा राहिलो आणि खड्या आवाजात सुरुवात केली. “एक! नमस्कार! दोन! श्वास घेत हात वर! तीन! श्वास सोडत खाली!” बोलत बोलत मीही करून दाखवत होतो. तिसऱ्या नमस्काराला मला सभामंडपाचे खांब हलताना दिसले. कारण सरळ होतं. माझा आवाज म्हणजे बाहेर जाणारा श्वास. ‘श्वास घ्या’ हे शब्दही मी श्वास सोडतच म्हणत होतो. लोक बरोबर उलट करत होते, म्हणजे बरोबर करत होते. मी एकटाच सगळ्या बारा स्थितींमध्ये श्वास सोडत होतो आणि मधल्या फटींत चोरून घोट घेत होतो. मी खांबाला धरून खाली बसलो आणि “आता डोळे मिटून शवासन” असं जाहीर केलं. सगळ्यांना ते फार आवडलं. ड्रायव्हरकाका म्हणाले, “हे रोज आधी घेत चला.”

वर्गाचंही काही ठीक चाललेलं नव्हतं. मी ‘श्वास घ्या’ म्हटल्याबरोबर ही आज्ञाधारक माणसं झटकन छाती भरून मोकळी व्हायची, आणि हात मागाहून सावकाश वर जायचे. हात कानाशी पोचेपर्यंत श्वास केव्हाच भरलेला, मग तो कोंडून धरायचा. पुढची आज्ञा येईस्तोवर चेहरे लाल. हालचाल आणि श्वास एकाच वेळी सुरू होऊन एकाच वेळी संपले पाहिजेत, ही सूर्यनमस्काराची सगळी गोम आहे. ती बिघडली की उरते ती नुसती कवायत.

यावर उपाय सापडला तो देवळातच. भजनी मंडळाचे टाळ खुंटीला लटकलेले असायचे. मी एक जोड उतरवून घेतला. आता मोजायचं काम टाळांचं आणि तोंड माझ्या श्वासाला मोकळं. श्वास घेताना तीन ठोके, सोडताना चार. सोडणं थोडं लांब ठेवलं की ताठ माणसाचे स्नायू जरा सैल पडतात, आणि वाकणं नेमकं सोडतानाच असतं. बारा स्थितींचा एक फेरा या हिशेबाने पाऊण मिनिटाच्या आसपास जातो, ठोके सेकंदाला एक धरले तर. नवख्यांना हा वेग पुरेसा संथ आहे.

सांगण्याचा क्रमही बदलावा लागला. लोक आधीच्या स्थितीत असतानाच पुढे काय करायचं ते सांगून टाकायचं: “आता हात वर जाणार आहेत.” मग ‘घ्या’ एवढाच एक शब्द. मग टाळ. टाळ सुरू झाला की शिक्षकाने तोंड उघडायचं नाही. शिकवणाऱ्या माणसाला यातलं शेवटचं कलम फार जड जातं. टाळामुळे एक नवीन अडचण मात्र झाली. मंडपाच्या कोपऱ्यात जपाला बसणाऱ्या एका आजींना वाटलं काकडा सुरू झाला. त्यांनी गजर धरला, दोन शिक्षिकांनी साथ दिली, आणि त्या दिवशीचे उरलेले नमस्कार विठ्ठलालाच झाले.

कोणत्या स्थितीत घ्यायचा आणि कोणत्या सोडायचा, हे बारा ओळींचं पाठांतर करून कोणाच्या लक्षात राहत नाही. मी त्यांना एवढंच सांगू लागलो: छाती उघडते तिथे श्वास आत, पोट दुमडतं तिथे बाहेर. हात वर गेले, छाती उघडली, घ्या. खाली वाकलात, पोट दुमडलं, सोडा. पाय मागे टाकून मान वर केली, घ्या. भुजंगासनात घ्या, पर्वतासनात सोडा. विसरलात तर छातीला विचारा. आणि वेग झेपतोय की नाही हे ओळखायला माझी एक परीक्षा होती. फेरा संपला की आपलं नाव आणि गावाचं नाव एका दमात सांगायचं. दुकानदारांचं आडनाव मोठं आहे, ते सुरुवातीला गावापर्यंत पोचायचेच नाहीत.

दुसरा घोळ डाव्या-उजव्याचा. समोर तोंड करून उभं राहिलं की शिक्षकाचा उजवा तो विद्यार्थ्यांच्या डोळ्यांना डावा. मी ‘उजवा पाय मागे’ म्हणून उजवा टाकला, की अर्धे लोक माझं ऐकायचे आणि अर्धे माझं बघायचे. शेजारी शेजारी उभ्या दोघांचे पाय एकमेकांत अडकले, तेव्हा मी डावं-उजवं हे शब्दच बंद केले. पूर्वेकडे तोंड केलं की आमच्या डाव्या हाताला मागे माहुलीचा किल्ला येतो आणि उजव्या हाताला देवळाची विहीर. “विहिरीकडचा पाय मागे!” “आता माहुलीकडचा!” एकही पाय चुकला नाही. मी स्वतः लोकांकडे पाठ करून, त्यांच्याच दिशेला तोंड करून उभा राहू लागलो. यात आणखी एक फायदा होता: माझा चेहरा त्यांना दिसत नसे.

आता ताठ माणसांबद्दल. तिसरी स्थिती, पादहस्तासन. पुस्तकात लिहिलं आहे की गुडघे सरळ ठेवून तळहात पावलांशेजारी टेकावेत आणि कपाळ गुडघ्यांना लावावं. मी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं आणि वाकलो. नातू म्हणाला, “काका, तुमचे हात नडगीवरच आहेत.” मी म्हणालो, “सोपा प्रकार दाखवतोय.” खोटं बोललो होतो, पण बोलून झाल्यावर वाटलं, खरंच, सोपा प्रकार काय असतो ते एकदा नीट बघायला हवं.

माणूस वाकतो तेव्हा त्याने खुब्यातून वाकायला हवं. पण बसताना जी दोन हाडं टेकतात तिथून मांडीच्या मागचे स्नायू निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन जोडलेले असतात. वर्षानुवर्षं खुर्चीवर किंवा गल्ल्यावर बसलं की ते आखडतात. मग गुडघे सरळ ठेवून वाकायला गेलं की ते खालून कंबरेचं हाड ओढून धरतात, खुबा हलत नाही आणि सगळं वाकणं कंबरेच्या मणक्यांवर येतं. बाहेरून बघणाऱ्याला पाठीला आलेला बाक दिसतो आणि आतल्या माणसाला कंबरेत चमक. गुडघे वाकवले की ती ओढ सुटते. म्हणून दुकानदारांना मी सांगितलं, गुडघे खुशाल वाकवा, पण पोट मांडीला लागलं पाहिजे. पोटाच्या बाबतीत त्यांना काही कष्ट पडले नाहीत, ते निघण्यापूर्वीच लागलेलं होतं. मग त्यांच्यासाठी खूण बदलली: खुब्याच्या घडीत बोटं ठेवायची आणि वाकताना ती चिमटली जातात की नाही बघायचं.

हात कुठे टेकायचे? यासाठी देवळातच उतरंड सापडली. आधी मंडपाचा कमरेएवढा कठडा. तिथे हात टेकून पाठ सरळ राहते ना, हे आठ दिवस बघायचं. मग बाकडं. मग उभी वीट, मग आडवी वीट, मग जमीन. विटा दुकानदारांनीच आणल्या आणि बिलही आणलं. ड्रायव्हरकाका महिन्याभरात कठड्यावरून बाकड्यावर आले. मी आडव्या विटेवर आहे. माझ्या परीक्षकांचं निरीक्षण दांडगं होतं.

कमरेएवढ्या कठड्याचं एक विशेष म्हणजे ज्यांना खाली बसून उठताच येत नाही त्यांचे बाराच्या बारा अंक तिथे होतात. हात कठड्यावर ठेवून एक पाय मागे, मग दुसरा मागे, शरीर एका तिरक्या रेषेत. सहाव्याला कोपरं वाकवून छाती कठड्याजवळ, सातव्याला छाती पुढे काढून मान वर, आठव्याला ढुंगण मागे आणि पाठ लांब. मनगटं दुखणाऱ्यांनाही हेच बरं, कारण वजन बरंच कमी येतं. एका शिक्षिकेचं हर्नियाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं होतं, त्यांना मी डॉक्टरांची चिठ्ठी आणेपर्यंत टाळ वाजवायला बसवलं. रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनाही डोकं खाली जाणाऱ्या स्थिती कठड्यावरच.

सगळ्यात फजिती होते ती नवव्या अंकाला. पर्वतासनातून मागचा पाय उचलून दोन हातांच्या मध्ये आणायचा. पुस्तकातल्या चित्रात तो पाय आलेला असतो. प्रत्यक्षात तो अर्ध्या वाटेत थांबतो, आणि माणूस तीन पायांवर उभा राहून त्याच्याकडे बघत बसतो. तो येत नाही याची दोन कारणं. एक, दोन्ही हातांवर सारखं वजन असल्याने मधे जागाच होत नाही. दुसरं, खुबा तेवढा दुमडत नाही. तेव्हा आधी गुडघे टेकायचे. विहिरीकडचा पाय आणायचा असेल तर वजन माहुलीकडच्या हातावर टाकायचं, विहिरीकडच्या हाताने आपलाच घोटा धरायचा आणि उचलून पुढे ठेवायचा. हातांखाली विटा असल्या तर आणखी चार बोटं जागा मिळते. आणि हे सगळं एका श्वासात होत नसेल तर मधे एक श्वास जास्तीचा घ्यायचा. टाळ थांबतो, काही बिघडत नाही. ड्रायव्हरकाका आपला पाय असा हाताने उचलून ठेवताना दर वेळी पुटपुटायचे, “गिअर पडत नाही लेकाचा.”

आणि सहावी स्थिती, साष्टांग नमस्कार. दोन चवडे, दोन गुडघे, दोन तळहात, छाती आणि कपाळ, ही आठ अंगं जमिनीला टेकतात. पोट टेकत नाही, तेच तर त्यात करायचं असतं. दुकानदार खाली गेले आणि मी बघत राहिलो. चवडे आणि हात टेकलेलेच होते. त्यानंतर गुडघे आणि छाती यांच्या कितीतरी आधी जे टेकलं, त्यावर ते सावकाश स्थिरावले. नातवाने बोटं मोडून मोजलं आणि जाहीर केलं, “नऊ.” तेव्हापासून आमच्या वर्गात त्या स्थितीला नवांग म्हणतात. दुकानदारांनी मनावर घेतलं नाही. त्यांनी मला शांतपणे विचारलं, “तुम्ही शर्ट सैल घालता म्हणून बरं दिसतं, नाही?”

सोपा प्रकार इथेही आहे. आधी गुडघे, मग कोपरं फासळ्यांना चिकटवून छाती हळूहळू खाली. दंडात ताकद नसेल तर सरळ पालथं पडायचं. तिथून पुढे भुजंगासन, तेही कोपरं जमिनीवर ठेवून, बेंबी न उचलता. खांदे कानांना जाऊन भिडले की समजायचं, माणूस पाठीने न उठता हातांनी स्वतःला ढकलतोय.

कीर्ती पसरते. मुरबाड तालुक्यातल्या एका महिला बचत गटाचं बोलावणं आलं. रथसप्तमीला त्यांचं हळदीकुंकू होतं, त्या सकाळी गावच्या शाळेच्या पटांगणात सूर्यनमस्कार घालायचे ठरले होते, त्याआधी दर रविवारी शिकवायला यावं. एका मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून मी किन्हवलीवरून सरळगावला आणि तिथून पुढे टोकावड्याच्या बाजूला गेलो. सोबत टाळ आणि पिशवीत आठ विटा. मित्र म्हणाला, “मुरबाडात विटा मिळतात.” मी म्हणालो, “या मोजलेल्या आहेत.”

पंधरा-वीस बाया पदर खोचून उभ्या. सोबत दोन-चार पुरुष लांबून बघत होते. मी ताठ शरीराची लक्षणं, मांडीमागचे स्नायू, कंबरेवर येणारा ताण असं सगळं समजावलं. म्हटलं, जमिनीला हात लावायची घाई करायची नाही, पहिल्यांदा उभ्या विटेवर ठेवा, तेही जमलं नाही तर बाक आहे. आणि म्हणालो, “तीन!”

सगळ्या वाकल्या. गुडघे ताठ, पाठ सपाट, तळहात पूर्ण जमिनीवर. कोणी विटेकडे बघितलंही नाही. आवणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून सकाळपासून दिवस मावळेपर्यंत याच स्थितीत भात लावणाऱ्या बायका होत्या त्या. पुढच्या आज्ञेची वाट बघत त्या तशाच आरामात राहिल्या. मी टाळ वाजवायचा विसरलो. मग त्यातली एक मावशी खालूनच म्हणाली, “सर, वाकलो. आता लावायचा काय? रोपं द्या की.”

त्या आठ विटा मी परत पिशवीत भरल्या. पण सगळंच काही त्यांना येत नव्हतं, हेही सांगायला हवं, नाहीतर मी गेलोच कशाला. आयुष्यभर पुढे वाकलेल्या त्या पाठींना मागे वळायची सवय नव्हती. दुसऱ्या अंकाला हात वर नेऊन मागे जा म्हटलं की त्या कंबरेतूनच मागे मोडायच्या आणि “आई आई” करत हात कंबरेवर यायचे. तेव्हा मागे जाणंच काढून टाकलं. हात कानाशी, ढुंगण आवळलेलं, बेंबी आत, नजर समोरच्या आंब्याच्या शेंड्यावर, एवढंच. सातव्या अंकालाही कोपरांवरचंच भुजंगासन. शहापुरात ज्यांना पुढचं जमत नव्हतं आणि मुरबाडात ज्यांना मागचं, त्यांची मिळून बरी माणसं झाली असती.

तिथे मी सवयीने “माहुलीकडचा पाय” म्हणालो. बाया इकडेतिकडे बघू लागल्या. “कंची माहुली?” मग खुणा नव्याने ठरल्या: शाळेकडचा पाय आणि तळ्याकडचा पाय.

बघणाऱ्या पुरुषांत गावातले एक निवृत्त गुरुजी होते. दुसऱ्या रविवारी ते पुढे आले, धोतर सावरून ओळीत उभे राहिले आणि आमच्याबरोबर नमस्कार घालू लागले. मी दहा म्हणालो तेव्हा गुरुजी हात जोडून सरळ उभे होते. बाकी वर्ग अजून वाकलेला. मी समजावायला गेलो की अंक बारा आहेत. गुरुजी म्हणाले, “दहा. औंधच्या महाराजांचे दहा.” आणि त्यांचं खरं होतं. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकात सूर्यनमस्काराचा ध्यासच घेतला होता. आपल्या संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, पुस्तक लिहिलं, आणि 1938 साली लंडनहून निघालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच ‘दहा’ हा आकडा आहे. गुरुजींच्या लहानपणच्या मास्तरांनी तीच पद्धत शिकवली होती. त्यात हात वर नेणं नव्हतं. म्हणजे आमचे दुसरा आणि अकरावा अंक गेले की राहिले दहाच. मी हे गणित मांडून दाखवलं तेव्हा गुरुजी म्हणाले, “ते वरचे दोन तुम्ही मुंबईवाल्यांनी वाढवलेत. लोकलची दांडी धरायला.”

रथसप्तमीची सकाळ. माळशेजकडून येणारा गारवा हाडांत शिरत होता. मोटरसायकलवर तासाभराहून जास्त बसून मी पोचलो तेव्हा पाय लाकूड झाले होते. घोटे, गुडघे, खुबे, खांदे आधी फिरवून घ्या, थंडीत त्याशिवाय सुरुवात करायची नाही, हे मी वर्गाला इतकं बजावलेलं होतं की त्या सगळ्या आधीच पटांगणात ते करत होत्या. मी स्वतः मात्र सरपंचबाईंच्या हातचा चहा पीत होतो. उपाशीपोटी करायचं हेही मीच बजावलं होतं.

पहिल्या नावाचा मंत्र म्हटला, “ओम मित्राय नमः”, तोही फेऱ्याआधी उभ्यानेच, म्हणजे श्वासाशी त्याची टक्कर होत नाही. टाळ एका मुलीकडे दिला होता. पाच अंक सुरेख झाले. आता माझ्या योगशिक्षक वर्गात शिकवलं होतं की सहाव्या अंकाला श्वास पूर्ण सोडून तो बाहेरच रोखायचा. म्हणजे छाती रिकामी आणि दार बंद. नवख्या माणसाला हा प्रकार देऊच नये, असं आज माझं ठाम मत आहे. तेव्हा माझं मत प्रमाणपत्रात लिहिलेलं तेच होतं. मी म्हणालो, “सोडा. आणि रोखा!” आणि मीही साष्टांगात गेलो.

त्याच क्षणी माझ्या तळ्याकडच्या पोटरीत गोळा आला. चवडे रोवून खाली जाताना गारठलेली पोटरी अशी आखडली की मला बोलताच येईना. कपाळ मातीत, तोंड मातीत, आणि पुढचा शब्द ‘घ्या’ हा म्हणायचा माझ्यावाचून कोणाला अधिकार नव्हता. मुलगी टाळ वाजवायची थांबली, कारण मी खूण केली नव्हती. पटांगणात पंधरा-वीस बाया, सरपंचबाई, तालुक्याहून आलेले एक पाहुणे, सगळे छाती रिकामी करून पालथे. कोणी हलेना. शिस्त इतकी की पाहुण्यांचे कान जांभळे झाले. शेवटी मी ओरडलो ते “आई गं!” आणि दोघीतिघींनी ती बारांतली सातवी आज्ञा समजून पाठ उचलली.

“घ्या गं घ्या, श्वास घ्या!” गुरुजींचा आवाज. त्यांच्या दहात हा पाचवा अंक होता, आणि ते सुखाने श्वास घेत होते. ते मला आकड्यांतला फरक समजावत बसले नाहीत एवढे त्यांचे उपकार.

‘रोपं द्या’ म्हणालेली मावशी उठली. तिने माझा पाय धरला, गुडघा सरळ दाबला आणि पावलाचा चवडा माझ्या नडगीकडे जोरात ओढून धरला. गोळ्यावर उपाय हाच असतो: आखडलेला स्नायू लांबवायचा. तो सुटेपर्यंत ती तशीच बसून राहिली आणि बाकीच्यांना म्हणाली, “चला, तवर सात करा.” मग पुढचे सगळे नमस्कार तिनेच घेतले. आकडे नाहीत, टाळ नाही, रोखणं तर नाहीच. पहिल्या ओळीतल्या बायकांचा श्वास सुटला की ती खाली जायची, भरला की वर. गुरुजी आणि बाया एकाच वेळी संपवत होते. गुरुजी वरचे दोन अंक स्तब्ध उभे राहून काढायचे. मी चटईवर पाय लांब करून बसलो होतो आणि चुका शोधत होतो. सापडल्या नाहीत.

हळदीकुंकवाच्या वेळी मला पुरुषांत बसवलं, वाण मात्र दिलं. निघताना मावशी म्हणाली, “सर, पावसात या. आवणीला. आमी शिकवतो तुमाला वाकायचा.”

सगळे हसले म्हणून मी गेलो. जुलैत, आवण ऐन रंगात असताना. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, खुब्यातून वाकून, गुडघे जरा सैल सोडून, श्वास सोडत मी पहिली चार रोपं लावली. शास्त्रशुद्ध. पाठ सरळ करायला उभा राहिलो, श्वास घेतला, पुन्हा वाकलो. बाजूच्या बाया तोवर बांधाच्या पलीकडे गेल्या होत्या. माझी ओळ एकटी मागे राहिली, आणि मी चिखलात रुतलेला पाय दोन्ही हातांनी घोट्याला धरून उचलत होतो. मावशी कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. मग तिने हाताने बांध दाखवला.

“सर, तुमाला सोपा प्रकार हाय. तिथं बसा आणि आमाला मुठी फेका.”